नवा मेसेज कळायला: वेबहुक की पोलिंग?

दादरच्या साडीच्या दुकानाला ‘किंमत काय?’ हा मेसेज उशिरा कळला, तर गिऱ्हाईक तोवर दुसरीकडे गेलेलं असतं. दर 5 मिनिटांनी पोलिंग केलं, म्हणजे नवा मेसेज आलाय का हे आपणच प्लॅटफॉर्मला विचारत राहिलो, तर दिवसाला 288 विनंत्या जातात, बहुतेक रिकाम्या हाताने परततात, आणि तरी 5 मिनिटांपर्यंत उशीर होतोच. वेबहुकमध्ये मेसेज आला की प्लॅटफॉर्म स्वतःच आपल्या सर्व्हरला कळवतो.

म्हणून मेसेजसाठी मी वेबहुकच निवडेन. पण तो सांभाळावा लागतो. आलेली सूचना रांगेत टाकून लगेच ‘मिळाली’ असं सांगणारा `200` परत करा, काम नंतर. आधी स्टॉक तपासत बसलात, तर सूचना पोचलीच नाही असं समजून प्लॅटफॉर्म ती पुन्हा पाठवतो आणि ग्राहकाला एकच उत्तर दोनदा जातं. मेसेजचा आयडी नोंदवून ठेवला की दुसरी खेप ओळखता येते.

सर्व्हर बराच वेळ बंद राहिला तर मात्र सूचना कायमच्या हुकू शकतात, आणि एररही कुठे दिसत नाही. इथे पोलिंग हवंच: तासातून एकदा, मागच्या तपासणीच्या थोडं आधीपासूनची यादी मागवा आणि नोंदीत नसलेले आयडी उचला. कमेंटना घाई नसेल, तर त्यांना नुसतं पोलिंगही पुरतं.