‘सेन्सर गेला’ सांगून पैसे घेतले, बिघाड मात्र टाकीतच राहिला

खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून गेली की पेट्रोल गाडी झटके मारते, पिकअप जातो, कधी बंदच पडते. दहा मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी सुरू होते. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या माणसाला फसवणं फार सोपं आहे, कारण हा बिघाड मेकॅनिकसमोर येत नाही आणि स्कॅनर त्याचं खरं नाव सांगत नाही. खालच्या प्रकरणात मालकाची दोनदा फसवणूक झाली आणि दोन्ही वेळा रीत वेगळी होती.

गाडी चार सिलिंडरची, 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, CNG किट बसवलेली. मालक रोज CNG वर चालवायचा आणि टाकीत पेट्रोल कायम काट्याच्या शेवटच्या खुणेशी ठेवायचा. पावसाळ्यात रस्ते उखडले आणि पेट्रोलवर चालवताना गाडी बंद पडू लागली. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, P0171 हा कोड आला. “साहेब, कॉम्प्युटरवरच आलंय बघा, ऑक्सिजन सेन्सर गेलाय.” सेन्सरचे 6,200, चार प्लगचे 1,200, दोन कॉइलचे 5,400, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी साफ करण्याचे 3,000, मजुरी 2,400. एकूण बिल 18,200 रुपये.

P0171 चा अर्थ एवढाच, की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ऑक्सिजन सेन्सरने ते ओळखलं, म्हणजे तो आपलं काम करत होता. पेट्रोल कमी का पडतंय हे त्या कोडवरून कळत नाही. इंजेक्टर तुंबलेला असेल, इनटेकमध्ये कुठून हवा ओढली जात असेल किंवा टाकीतून दाबच येत नसेल. आपल्याकडच्या बहुतेक साध्या मल्टीपॉइंट इंजेक्शन गाड्यांत इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, म्हणजे रेलवर, दाब मोजणारा सेन्सर नसतोच. म्हणून ‘दाब कमी आहे’ असा थेट कोड त्या गाडीत उमटू शकत नाही, आणि ‘स्कॅनरमध्ये टाकीतल्या पंपाचं काही आलं नाही, म्हणजे पंप ठीक’ हे बोलणं चुकीचं आहे.

पुढची गोष्ट लक्ष देऊन वाचा. गाडी देताना मेकॅनिक म्हणाला, “पेट्रोल पंपावरचं पेट्रोलही खराब असणार. टाकी फुल करून घ्या, म्हणजे सगळं नीट होईल.” टाकी फुल केली आणि गाडी खरंच नीट चालली. काटा पाव टाकीवर आला तसे झटके पुन्हा सुरू झाले. टाकी भरलेली असताना हा बिघाड लपतो. ज्याला हे माहीत आहे तो काहीही बदलून, टाकी भरायला लावून, गाडी ‘दुरुस्त’ म्हणून देऊ शकतो.

टाकी भरली की बिघाड का लपतो? इंजिनाला पेट्रोल पाठवणारा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्याच्या तोंडाशी नायलॉनची बारीक जाळी असते, तिलाच स्ट्रेनर म्हणतात. पंप आणि जाळी एका प्लास्टिकच्या कपात बसवलेली असतात, म्हणजे गाडी हलली, पेट्रोल एका बाजूला गेलं, तरी जाळी बुडलेली राहावी. अनेक गाड्यांत हा कप भरता ठेवण्याचं काम एक छोटी जेट नळी करते, आणि ती चालते दाब ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधून परत सोडलेल्या जादा पेट्रोलवर. पंप अशक्त झाला किंवा जाळी तुंबली, की इंजिनाला देऊन जादा काही उरत नाही. जेट नळी बंद पडते आणि कप भरत नाही. टाकी भरलेली असेल तर कप वरूनच बुडलेला असतो, काही जाणवत नाही. टाकी पावभर असताना खड्डा बसला की पेट्रोल बाजूला जातं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. त्यात टाकीच्या तळाचा गाळ धक्क्याने उठून जाळीला चिकटतो. गाडी थांबवली की तो सुटून खाली बसतो, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते.

CNG गाड्यांत हा त्रास जास्त दिसण्याचं कारणही इथेच आहे. पंपाची मोटर थंड राहते ती भोवतालच्या पेट्रोलमुळे. CNG वर चालतानाही पंप फिरत राहील अशी काही किटची जोडणी असते, आणि टाकीत जेमतेम दोन-तीन लिटर असेल तर मोटर तापून झिजते. किमान पाव टाकी पेट्रोल नेहमी ठेवावं.

मालक तक्रार घेऊन परत गेला तेव्हा गॅरेजने एकदम पंपावर बोट ठेवलं. निदान आता बरोबर होतं, पण बिल खोटं होतं. ‘फ्युएल पंप असेंब्ली 9,500, टाकी उतरवण्याची मजुरी 3,500.’ दोन्ही बिलं मिळून 31,200 रुपये झाले आणि झटके थोडे कमी होऊन तसेच राहिले.

मग गाडी दुसऱ्या, पेट्रोलचा दाब मोजायचं गेज ठेवणाऱ्या मेकॅनिककडे गेली. त्याने आधी काहीच बदललं नाही. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरला. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, जोडाखाली फडकं धरलं आणि रेलच्या तोंडाशी टी-जोड लावून गेज बसवलं. फ्यूज आणि तार परत जोडून गळती तपासली. या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाब 3.5 बार दिलेला आहे. रेग्युलेटर टाकीतच असल्यामुळे आयडलला आणि चढावर दाब सारखाच राहायला हवा. आयडलला 3.2 दिसला. उभ्या गाडीवर एवढाच आकडा पाहून अनेक जण ‘दाब आहे’ म्हणून सोडून देतात. याने गेज बाहेरच्या बाजूने काचेला टेपने पक्कं केलं (पेट्रोलची नळी कधीही केबिनमध्ये आणायची नाही), टाकी पावभर असताना गाडी खराब रस्त्यावर नेली. प्रत्येक खड्ड्याला गेजचा काटा खाली यायचा, एकदा तर 1.6 पर्यंत, आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिन झटका मारायचं. पुढे चढणीवर थोडा जोर दिला तरी दाब पुन्हा उतरायचा.

पंपाला दोष देण्याआधी त्याने पंपाच्या वायरच्या प्लगवर, पंप चालू असताना, व्होल्टेज मोजलं. बॅटरीवर 13.8, प्लगवर 13.4. म्हणजे वायर, रिले, अर्थिंग ठीक. इथे एक-दीड व्होल्टची घट निघाली असती, तर नवा पंपही अशक्तच चालला असता. धक्क्याने बंद पडण्याचं कारण ढिला कनेक्टरही असू शकतो. फरक साधारण असा ओळखता येतो: इग्निशनची वायर किंवा क्रँक सेन्सर सुटला तर इंजिन एका क्षणात मरतं, बऱ्याचदा आरपीएमचा काटा गाडी चालत असतानाच शून्यावर कोसळतो. पेट्रोल कमी पडलं तर आधी अडखळतं, ओढ जाते, मग बंद पडतं.

पंप उघडताना पहिली लबाडी दिसली. या गाडीत मागच्या सीटखाली झाकण आहे. सीट उचलली, चार स्क्रू काढले की पंप समोर. टाकी उतरवावीच लागत नाही. खाली वाकून पाहिलं तर टाकीच्या पट्ट्यांच्या बोल्टवर जुना चिखल तसाच वाळलेला, कुठे पाना लागल्याची खूण नाही. तरी टाकी उतरवण्याचे 3,500 घेतलेले होते. काही गाड्यांत टाकी खरंच उतरवावी लागते, म्हणून हे काम देण्याआधीच विचारून घ्या.

दुसरी लबाडी आत होती. असेंब्ली म्हणजे कप, पेट्रोलची पातळी दाखवणारा फ्लोट, रेग्युलेटर, मोटर आणि जाळी असा अख्खा संच. इथे कप आणि फ्लोट जुनेच होते. फक्त आतली मोटर बदललेली, तीही पार्ट नंबर नसलेली. आणि जाळी मूळचीच: नवी जाळी पांढरट असते, ही चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झालेली, घड्यांमध्ये काळा चिकट गाळ. पेट्रोलने धुऊन, हवा मारून परत बसवलेली. अशाने वरचा गाळ जातो, विणीत रुतलेला राहतो आणि हवेच्या मारामुळे जाळी फाटू शकते.

आता दोष जाळीचा की मोटरचा, हेही त्याने वेगळं करून दाखवलं. आधी टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी काढलं आणि फक्त नवी जाळी घातली. आयडलला दाब थेट 3.5. खड्ड्यांवरची पडझड बरीच थांबली, पण तिसऱ्या गिअरमध्ये चढणीवर 4,000 आरपीएमला काटा 2.8 वर आला. म्हणजे जाळी तुंबलेली होतीच, आणि मोटरही भरपूर पेट्रोल देऊ शकत नव्हती. तुंबलेल्या जाळीतून ओढणारा पंप कोरडा फिरतो आणि झिजतो, म्हणून हे दोन्ही बिघाड बहुतेक वेळा एकत्र सापडतात. शेवटी मूळ कंपनीची सीलबंद असेंब्ली आणि नवा रबर रिंग-सील बसवला. जुना सील पेट्रोलने फुगलेला असतो, तो परत दाबून बसवला की टाकी भरल्यावर केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतो. त्यानंतर पाव टाकीवर, त्याच रस्त्यावर, त्याच चढणीवर काटा 3.5 वरून हलला नाही.

तुमच्या गाडीला असं होत असेल तर टाकी फुल करून गॅरेजमध्ये नेऊ नका, पाव टाकीवरच न्या. गेज आहे का, हे पहिल्यांदा विचारा. नसेल तर तिथे सेन्सर, कॉइल, इंजिनाचा कॉम्प्युटर काहीही बदलू देऊ नका. आयडलचा आणि रस्त्यावरचा दाब दोन्ही स्वतः बघा, मोबाइलवर व्हिडिओ काढा. कामाआधी लेखी अंदाज घ्या आणि त्यात ‘असेंब्ली’, ‘मोटर’ आणि ‘जाळी’ वेगवेगळं लिहून मागा. नव्या भागाचं खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा, पार्ट नंबरचा फोटो ठेवा आणि जुने सुटे भाग परत घ्या. दुरुस्तीनंतरची चाचणीही पाव टाकीवरच करायला लावा, नाहीतर ती चाचणीच नव्हे.

या मालकाकडे जुनी जाळी, मोटर, दोन्ही बिलं, टाकीच्या बोल्टचे फोटो आणि गेजचे व्हिडिओ असं सगळं होतं. पक्कं बिल आणि असे पुरावे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. गॅरेजने कच्च्या कागदावर आकडे लिहून दिले असतील तर त्यावर सही, तारीख आणि गाडीचा नंबर पैसे देण्याआधीच घालून घ्या.