शिल्लक पडताळायची तर आपली साखळी की उताऱ्यातलीच मागची ओळ?

बचत खात्याचा उतारा ओळीओळीने तपासायचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात सुरुवातीची शिल्लक घेऊन पुढची प्रत्येक शिल्लक आपणच काढत जायची आणि शेजारी उताऱ्यातली ठेवून फरक बघायचा, ही आपली साखळी. दुसऱ्यात आपली वेगळी शिल्लक नसतेच. प्रत्येक ओळीला उताऱ्यातलीच मागची शिल्लक घ्यायची, नावे वजा करायची, जमा मिळवायची, आणि उत्तर त्या ओळीतल्या शिलकीशी जुळतं का एवढंच बघायचं.

स्प्रेडशीटच्या C रकान्यात नावे, D मध्ये जमा, E मध्ये उताऱ्यातली शिल्लक आणि दुसऱ्या ओळीत मागील शिल्लक धरली, तर तिसऱ्या ओळीत पहिला रस्ता असा दिसतो (F2 मध्ये =E2):

```
F3: =ROUND(F2-C3+D3,2)
G3: =ROUND(E3-F3,2)
```

आणि दुसरा असा:

```
F3: =ROUND(E3-(E2-C3+D3),2)
```

ROUND दोन्हीकडे ठेवा. नाहीतर सगळं बरोबर असूनही मध्येच 7.27596E-12 असलं काहीतरी उगवतं आणि माणूस उगाच दचकतो. उताऱ्यात नवी नोंद वर असेल, तर आधी क्रम उलटा करून घ्या.

मी वर्षानुवर्षं पहिल्याच रस्त्याने जात होतो. हिशोब म्हणजे आपला आपण केलेला, अशी समजूत. मग हाताने भरलेलं एक जुनं पासबुक तपासायला घेतलं, साधारण दोनशे ओळींचं. सगळ्या ओळी टंकून झाल्यावर सवयीने शेवटचा फरक पाहिला तर ४६०. मी पासबुकात ४६० शोधत बसलो. त्या रकमेची नोंद नव्हती, निम्म्या रकमेचीही नव्हती. (फरकाची निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेच्या जागी नावे धरलं की फरक दुप्पट येतो.)

रस्ता बदलल्यावर कळलं की ४६० ही चूक नव्हतीच, दोन चुकांची वजाबाकी होती. एकतिसाव्या ओळीत ७३,८०५ मधून २,८६० वजा करून पासबुकात ७१,९४५ लिहिलं होतं. हवे होते ७०,९४५. लिहिणाऱ्याने हजारातून उसना घेतला आणि तो कमी करायला विसरला. त्यामुळे शिल्लक हजाराने जास्त झाली. आणि अठ्ठावन्नाव्या ओळीत मी स्वतः ४,७१६ नावे टंकताना ४,१७६ केलं होतं. फरक ५४०, वजा. ५४० ला नवाने भाग जातो, म्हणजे बहुधा आकड्यांची अदलाबदल.

साखळीतही हे दिसलं असतं, नाही असं नाही. फरकाचा रकाना ३१ पासून १,००० आणि ५८ पासून ४६० दाखवत होता, फक्त तो कुठे बदलतो ते बघत खाली यायला हवं होतं. पण पहिल्या चुकीनंतर सगळाच रकाना बिघडलेला दिसतो, आणि त्या गर्दीत दुसरी चूक डोळ्यांतून निसटते. स्वतःची टंकनचूक दुरुस्त केली की खालचे सगळे फरक पुन्हा बदलतात, त्यामुळे मघाशी लिहून ठेवलेले आकडे बाद. मला वैताग आणला तो यानेच. दुसऱ्या रस्त्यात ३१ व्या ओळीत १,००० आणि ५८ व्या ओळीत -५४० एवढंच दिसलं, बाकी शून्य.

त्यालाही एक खोड आहे. शिलकीचाच आकडा टंकताना चुकला, तर लागोपाठ दोन ओळी बिघडतात, एक अधिक आणि एक वजा, रक्कम तीच. पहिल्यांदा गोंधळ होतो, पण नंतर ही जोडी ओळखीची होते. अशी जोडी दिसली की आधी स्वतःचं टंकन बघायचं. एकटी ओळ असेल, तर जमा-नावेची रक्कम चुकलेली, मधली नोंद सुटलेली किंवा लिहिणाऱ्याचीच आकडेमोड चुकलेली. सुटलेली नोंद असेल तर फरक तिच्या रकमेएवढा येतो, पान उलटताना हे हमखास होतं. फरकाऐवजी #VALUE! आलं, तर शिलकीला Cr चिकटलंय का किंवा रिकाम्या जागी - आहे का ते पाहा.

साखळी अगदी टाकून द्यावी असं म्हणणार नाही. ‘आज खऱ्या अर्थी किती शिल्लक हवी’ हे दुसरा रस्ता सांगत नाही, कारण तो चुकलेल्या आकड्यावरूनच पुढे जातो. माझ्या नोंदी सुधारल्यावर साखळीने पासबुकातला हजाराचा फरक शेवटच्या ओळीपर्यंत नेऊन दाखवला आणि पासबुक दुरुस्त करून मागण्याच्या अर्जात मी तोच आकडा लिहिला. शिवाय मुळात नोंदलेली रक्कमच खोटी असेल आणि शिल्लक तिच्याशी जुळत असेल, तर दोन्ही रस्ते गप्प बसतात. तिथे पावत्याच काढाव्या लागतात.

पाच-दहा ओळींचा उतारा असेल तर कुठलाही चालेल. त्याहून मोठा असेल तर मी आता मागच्या ओळीपासूनच सुरुवात करतो, आणि साखळी अर्ज लिहायच्या वेळी काढतो.