जर्मनचे पहिले हजार शब्द: कुठली यादी घ्यायची?

जर्मनचा वर्ग लावला की पहिल्या काही आठवड्यांत फळं, प्राणी, रंग, घरातल्या वस्तू असे गठ्ठे वहीत जमा होतात. अननसाला काय म्हणतात ते येतं, पण 'तरीही', 'म्हणजे', 'आधीच' हे शब्द येत नाहीत, आणि समोरच्याचं कुठलंच वाक्य पूर्ण कळत नाही. शिवाय एकाच गटातले शब्द एकदम पाठ केले तर ते एकमेकांत मिसळतात. टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि वॉरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत अर्थाने जवळचे शब्द एकत्र शिकणं हे असंबद्ध शब्द शिकण्यापेक्षा सावकाश होतं असंच दिसलं.

तेव्हा वारंवारतेच्या यादीने, म्हणजे जास्त वापरले जाणारे शब्द आधी घेऊन शिकायचं, हे ठरलं असं धरू. खरी अडचण पुढे आहे, कारण याद्या बऱ्याच आहेत आणि त्यांचे पहिले हजार शब्द सारखे नाहीत. कोणी, कशासाठी आणि कुठला मजकूर मोजला यावर यादी ठरते. जर्मनची पहिली मोठी मोजणी केडिंग यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे १ कोटी १० लाख शब्द माणसांनी हाताने मोजले होते, आणि ते लघुलिपीच्या सोयीसाठी. भाषा शिकणारा परदेशी माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हताच.

आज फुकट आणि सहज मिळणाऱ्या तीन याद्या समोर ठेवू: चित्रपट-मालिकांच्या सबटायटल्सवरून काढलेली, लाइपझिग विद्यापीठाच्या संग्रहातली वर्तमानपत्रांवरची, आणि गोएथे इन्स्टिट्यूटची (म्हणजे आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनची) A1 या पहिल्या पातळीच्या परीक्षेची शब्दयादी.

सबटायटल्सची यादी

ही `de_50k.txt` या नावाच्या फाइलमध्ये मिळते. एका ओळीत एक शब्द आणि तो किती वेळा आला तो आकडा, सर्वाधिक वापराचा शब्द सगळ्यात वर. म्हणजे ओळीचा क्रमांक हाच शब्दाचा क्रमांक. एखादा शब्द कितवा आहे ते एका आज्ञेत कळतं:

```
grep -n "^anrufen " de_50k.txt
```

तिची जमेची बाजू ही की ती बोलण्याची यादी आहे. 'मी', 'तू', 'नाही', 'काय', 'इथे', 'ठीक आहे' यांचे जर्मन शब्द अगदी वर येतात. डोख, माल, याऽ, शोन असले छोटे शब्दही वर असतात. वाक्यात ते आपल्या 'की', 'ना', 'बरं का' सारखं काम करतात, त्यामुळे त्यांच्यापुढे एक अर्थ लिहून भागत नाही. त्यांच्यासाठी तीन-चार वाक्यंच पाठ करावी लागतात.

उणी बाजूही सबटायटल्समधूनच येते. बरेचसे संवाद अमेरिकी चित्रपटांचे भाषांतर असतात. त्यामुळे पोलीस, बंदूक, ठार मारणे हे शब्द रोजच्या जगण्यात जितके लागतात त्याहून बरेच वर चढलेले असतात, आणि मधूनच जॉन आणि जॅक येऊन बसतात. ती नावं गाळायला दहा मिनिटं पुरतात. खरं दुखणं वेगळं आहे: ही यादी शब्द मोजत नाही, शब्दाची रूपं मोजते. 'असणे' या अर्थाच्या झाइन क्रियापदाची बिन, बिस्ट, इस्ट, झिंट, वार ही रूपं वेगवेगळ्या ओळींवर असतात. त्यात झाइन म्हणजे 'त्याचा' असाही शब्द आहे, तो त्याच ओळीत मोजला जातो. सगळी अक्षरं लहान केलेली असल्याने आदरार्थी झी आणि 'ती' किंवा 'ते' या अर्थाचं झी एकाच जागी गोळा होतात.

आणखी एक फसगत जर्मनची स्वतःची. आनरूफन म्हणजे फोन करणे. पण वाक्यात ते तुटतं: 'इश रुफं दिश आन', मी तुला फोन करतो. यंत्राने मोजताना रुफं एकीकडे गेलं, आन दुसरीकडे, आणि आनरूफनच्या खात्यात काहीच जमा झालं नाही. म्हणून वरची आज्ञा आनरूफनचा जो क्रमांक दाखवते तो त्याच्या खऱ्या वापरापेक्षा खालचा असतो. उठणे, चढणे, पोचणे, खरेदी करणे, सुरू होणे अशी रोजची कितीतरी क्रियापदं याच जातीची आहेत. रूपं एकत्र बांधून मूळ शब्दांप्रमाणे लावलेले छापील वारंवारता-कोश हा दोष बऱ्याच अंशी दूर करतात, पण ते विकत घ्यावे लागतात.

वर्तमानपत्रांची यादी

लाइपझिगच्या संग्रहात बातम्या, वेबसाइट, विकिपीडिया असे प्रकार निवडून मजकूर उतरवून घेता येतो, आणि सोबत शब्दांची मोजणी येते. इथे अक्षरं जशीच्या तशी ठेवलेली असतात. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने लिहितात, त्यामुळे एसन म्हणजे जेवण आणि एसन म्हणजे जेवणे हे वेगळे दिसतात. पण वाक्याच्या सुरुवातीचा शब्दही मोठ्या अक्षराने येतो, म्हणून नामाआधी येणारं 'दी'सारखं एकच उपपद दोन ओळींत विभागलं जातं.

नवशिक्यासाठी मात्र मी ही यादी सुचवणार नाही. बातमीत 'तू' फारसा कोणी म्हणत नाही. टक्के, दशलक्ष, सरकार, अध्यक्ष हे शब्द वर आणि 'धन्यवाद' कुठेतरी खाली, हा क्रम वाचकाचा आहे, बोलणाऱ्याचा नाही. B1 ही तिसरी पातळी झाल्यावर, वर्तमानपत्र वाचायला घेताना, ती कामाला येईल.

गोएथेची A1 यादी

ही सुमारे ६५० शब्दांची. A2 ची साधारण १३०० आणि B1 ची २४०० च्या आसपास. ही मोजून काढलेली नाही. नव्या माणसाला जर्मनीत कुठल्या प्रसंगांना तोंड द्यावं लागेल ते ठरवून निवडलेली आहे. म्हणून तीत फॉर्म, नोंदणी, भाडं, तिकीट, रेल्वेचा फलाट, 'चौकटीत खूण करणे' असे शब्द आहेत. सबटायटल्समध्ये फलाट फारसा येत नाही, पण गाडी पकडायची असेल तर तो शब्द पहिल्याच दिवशी लागतो. लग्नानंतर जोडीदाराकडे जाणाऱ्यांना २००७ पासून व्हिसासाठी सहसा A1 दाखवावं लागतं. त्यांच्यासाठी ही यादी सोडून चालणारच नाही.

शिवाय तिच्यात नामासोबत उपपद, अनेकवचन आणि वापराचं वाक्य असतं. सबटायटल्सच्या फाइलमध्ये नुसता शब्द मिळतो. आपल्या मराठीतही तीन लिंगं आहेत, त्यामुळे आपण जरा निश्चिंत असतो. पण सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी, इतकं सांगितलं तरी पुरे. उपपदाशिवाय पाठ केलेलं नाम पुढे पुन्हा पाठ करावं लागतं.

वार, महिने, आकडे, ऋतू या यादीत वेगळ्या गटांत दिले आहेत, ते बरंच आहे. वारंवारतेने गेलात तर रविवार येईल आणि बुधवार मागे राहील.

तिचा दोष एकच, पण मोठा: ती अकारविल्हे आहे. पहिल्या पानापासून पाठ करायला घेतलं तर महिनाभर अ आणि ब च्या शब्दांत जातो.

शब्द एकीतून, क्रम दुसरीतून

म्हणून माझं मत असं: शब्द गोएथेच्या यादीतून घ्या आणि क्रम सबटायटल्सच्या यादीवरून लावा. एक्सेलच्या पहिल्या पानावर A स्तंभात A1 चे शब्द उपपदाशिवाय लिहा, उपपद आणि अनेकवचन वेगळ्या स्तंभांत. दुसऱ्या पानावर `de_50k.txt` चिकटवा, शब्द A मध्ये आणि आकडे B मध्ये. मग:

```
=MATCH(A2,Sheet2!A:A,0)
```

येणारा आकडा म्हणजे त्या शब्दाचा क्रमांक. MATCH लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे नामं अडत नाहीत. चढत्या क्रमाने लावलं की ६५० शब्द आपोआप रांगेत येतात. `#N/A` दिसलं तर तो बहुधा दोन शब्दांचा प्रयोग किंवा जोडशब्द असतो. ते बाजूला काढून हाताने बसवा.

मग दोन दुरुस्त्या. असणे, जवळ असणे, होणे, आणि शकणे-पाहिजे-हवे या अर्थाची सहायक क्रियापदं रूपांसकट सगळ्यात वर आणा. आणि तुटणारी क्रियापदं शोधून त्यांना वरच्या दीडशेत जागा द्या, क्रमांक काहीही आलेला असो. रांगेच्या तळाशी राहिलेले फलाट आणि फॉर्म काढून टाकू नका, परीक्षेत ते येतात.

पहिल्या काही शेकड्यांनी किती कळतं, याबद्दल मात्र सावध असावं. औषधाच्या चिठ्ठीवरचं हे वाक्य पाहा: 'बिटं नेमन झी दी टाब्लेटन त्स्वायमाल टेग्लिश नाख डेम एसन.' म्हणजे, कृपया गोळ्या दिवसातून दोनदा जेवणानंतर घ्या. मूळ जर्मनमध्ये दहा शब्द. त्यांतले कृपया, घ्या, तुम्ही, दोन उपपदं, नंतर, जेवण हे सात शब्द वापरातले अगदी नेहमीचे. राहिलेले तीन: गोळ्या, दोनदा, रोज. सत्तर टक्के शब्द ओळखीचे, आणि काय घ्यायचं व किती वेळा घ्यायचं हे दोन्ही कळलेलं नाही. यादीतले वरचे शब्द वाक्याचा सांगाडा देतात. मजकुराचा जीव बहुधा खालच्या शब्दांत असतो.

यादीवर किती काळ विसंबायचं याचंही उत्तर आकड्यांतच आहे. शब्दाचा क्रमांक आणि त्याचा वापर साधारण उलट्या प्रमाणात जातात. दहावा शब्द हजाराव्याच्या जवळजवळ शंभरपट वेळा येतो, पण दोन हजारावा चार हजाराव्याच्या फक्त दुप्पट. तेवढा फरक कुठले चित्रपट मोजले यावरही पडू शकतो. म्हणून दोन हजारांच्या पुढे सर्वसाधारण यादीला चिकटून राहण्यात अर्थ नाही.

तिथून पुढे कामाचे शब्द. परिचारिकेच्या नोकरीसाठी जाणाऱ्याने जखमा, औषधं, उचलणं-बसवणं, नोंदवही यांचे शब्द आपल्या अभ्यासक्रमातून आणि सराव-अहवालांतून गोळा करावेत. इथे यादी नुसती अपुरी पडत नाही, दिशाभूलही करते. फेरबांट हा शब्द बातम्यांत बराच येतो, तिथे त्याचा अर्थ संघटना किंवा महासंघ. वॉर्डात तोच शब्द म्हणजे बँडेज. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखेच.