लीज करारातून तक्ता काढणारं सॉफ्टवेअर: आठ महिने वापरल्यावर माझी एकाच रकान्यावरची तक्रार

चौदा गाड्यांचे लीज करार हातानं वाचायचा कंटाळा आला म्हणून हे घेतलं. पीडीएफ टाकली की किलोमीटर, इंधन, मेंटेनन्स आणि दंड यांचा तक्ता पाच मिनिटांत तयार. पहिले चार महिने मी ज्याला त्याला त्याचं कौतुक सांगत होतो.

मग एक गाडी 36 महिन्यांऐवजी विसाव्या महिन्यातच परत केली. ती धावली होती 41,000. तक्त्यात 'किमी मर्यादा: 60,000', म्हणजे 19,000 शिल्लक, म्हणून मी निर्धास्त. पण लीजवाल्यांच्या बिलात 7,667 किलोमीटर जादा! फोनवर मी बराच आवाज चढवला. समोरचा शांतपणे म्हणाला, "सर, मुदतपूर्व परतीचं कलम बघा."

बघितलं. 60,000 चा आकडा परिशिष्टात होता, पण तो पूर्ण मुदतीसाठी. गाडी आधी परत केली तर मर्यादाही महिन्यांच्या प्रमाणात घटते, आणि ही ओळ अकरा पानं आधीच्या कलमात. 60,000 भागिले 36, गुणिले 20, म्हणजे 33,333. बिल बरोबर होतं.

दोन आठवडे मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. आता तेवढा राग नाही. आकडा त्यानं अचूक उचलला होता, शेजारी पान नंबरही दिला होता, आणि मी तो एकदाही उघडला नव्हता. तरीही एवढं म्हणेनच: मर्यादेसोबत 'किती काळासाठी' आणि 'गाडीमागे की सगळ्या ताफ्याची मिळून' हे दोन रकाने नसतील, तर तो आकडा घेऊन करायचं काय? आता ते मी हातानं भरतो. शिवाय करारात 'प्रमाणात' आणि 'मुदतपूर्व' हे शब्द शोधून ती कलमं स्वतः वाचतो.

मेंटेनन्सचंही तसंच. तक्ता म्हणतो 'समाविष्ट'. अट वाचली तर टायरचा एकच सेट धरलेला, आणि सर्व्हिसिंग ठरलेल्या किलोमीटरपेक्षा फार उशिरा केलं तर त्यातून होणारी दुरुस्ती आपल्या खिशातून. हा अपवाद सॉफ्टवेअरला दिसलाच नाही, कारण तो तळटिपेत होता. इंधनाची तक्रार नाही. तो खर्च आपलाच, आणि परत देताना टाकी घेतली तेवढी भरलेली हवी, हे त्यानं नीट काढलं.

सध्या दुसरी एक गाडी बाविसाव्या महिन्यात 37,500 वर आहे आणि ती चोविसाव्यात परत जाणार. करार तोच, म्हणजे हक्क 40,000 चा. ड्रायव्हरची कुरकुर ऐकून घेऊन मी तिला लांबच्या फेऱ्यांवरून काढून जवळच्या कामाला लावली आहे. दर सोमवारी ओडोमीटरचा फोटो मागवतो. सॉफ्टवेअरची वर्गणी मात्र अजून चालू ठेवली आहे. चौदा करार पहिल्या पानापासून चाळायला मला काही पुन्हा बसायचं नाही.