‘व्हॅलिडेटेड’ जीएपीडीएचने आम्हाला कसं गंडवलं

क्यूपीसीआर बाहेरून करून घेताना काय काय चालतं ते तुम्हाला ठाऊक असेलच: गोड बोलणं, आगाऊ रक्कम, गुळगुळीत पीडीएफ. आमच्याकडून पूर्ण रक्कम आधी घेतली आणि रिपोर्टच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘रेफरन्स जीन तुमच्याच नमुन्यांत व्हॅलिडेट केलेला आहे’. नाव घेत नाही, पण असं वाक्य दिसलं की सावध व्हा.

प्रयोग साधा होता. पेशींचा एक गट नेहमीच्या हवेत आणि दुसरा २४ तास १ टक्का ऑक्सिजनमध्ये. आमच्या जीनची अभिव्यक्ती बदलते का, एवढंच पाहायचं होतं. प्रत्येक नमुन्याचा ५०० नॅनोग्रॅम आरएनए सीडीएनएसाठी घ्यायचं ठरलं होतं. उत्तर आलं, जीन ०.२९ पटीवर उतरला. म्हणजे सत्तर टक्क्यांची घट. आम्ही खूश. त्यावर पुढच्या प्रयोगांची आखणीसुद्धा केली.

आकडे त्याच रिपोर्टच्या शेवटच्या पानावर होते, बारीक टायपात. आमच्या जीनचा सीटी नियंत्रण गटात २४.० आणि कमी ऑक्सिजनमध्ये २४.१. रेफरन्स जीन म्हणून घेतलेल्या जीएपीडीएचचा १७.२ आणि १५.५. आता वजाबाकी करा. पहिला डेल्टा सीटी ६.८, दुसरा ८.६, फरक १.८, आणि `2^-ΔΔCt` काढलं की ०.२९. गणितात खोट नाहीच, आणि तिथेच माणूस फसतो. आमचा जीन जागचा हललेला नाही. खाली आला तो जीएपीडीएचचा सीटी, १.७ सायकलने, म्हणजे तो जीनच सव्वातीन पट वाढला. भाजक फुगवला की भागाकार लहान येणारच! १७.२ च्या शेजारी १५.५ छापलेलं होतं. तेवढी एक ओळ बघितली असती तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण ‘व्हॅलिडेटेड’ असं लिहून दिलेल्या रकान्यात कोण बोट घालून बघतं?

जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसचं एन्झाइम आहे. ऑक्सिजन कमी झाला की एचआयएफ-१ त्या सगळ्या मार्गाला जोर देतो आणि जीएपीडीएच त्यातच येतो. हे माहीत नसलेली क्यूपीसीआर सेवा असू शकते, यावर माझा विश्वास नाही. कच्ची फाइल भांडून मिळवली, तेव्हा त्यांचं व्हॅलिडेशनही दिसलं: सगळ्या वेल फक्त नियंत्रण गटाच्या. उपचार दिलेला एकही नमुना नाही. अशा चाचणीत कुठलाही जीन स्थिरच दिसेल.

ओरडा केल्यावर दुसरा रिपोर्ट आला, जीनॉर्मचा. यात जीएपीडीएच, पीजीके१, एएलडीओए आणि टीबीपी असे चार उमेदवार. निकाल: जीएपीडीएच-पीजीके१ ही जोडी सर्वांत स्थिर, टीबीपी सर्वांत अस्थिर! पहिले तिन्ही एचआयएफ-१ च्या तालावर नाचणारे ग्लायकोलिसिसचे जीन. जीनॉर्म दोन जीनमधलं गुणोत्तर नमुन्यागणिक किती बदलतं ते मोजतं. तिघे मिळून वर चढले तर गुणोत्तर तसंच राहतं आणि जागेवर उभा असलेला टीबीपीच चोर ठरतो. उमेदवार वेगवेगळ्या मार्गांतले घ्या, नाहीतर सॉफ्टवेअर असंच मत देईल.

खरेदी विभागाकडे गेलो. ‘रिपोर्ट मिळाला ना? मग सेवा पूर्ण.’ तक्रार समितीने फाइल ठेवून घेतली, तारखा दिल्या, आणि अखेर कळवलं की हा ‘वैज्ञानिक मतभेद’ आहे, फसवणूक नव्हे. मतभेद कसला? नियंत्रणाच्याच वेल चालवून ‘तुमच्याच नमुन्यांत’ असं लिहिणं हे मत आहे का? सेवा देणाऱ्यांनी तर उलट आमच्याच आरएनएवर खापर फोडलं. आरएनए बिघडला असता तर आमच्या जीनचा सीटी जागच्या जागी कसा राहिला, याचं उत्तर आजवर नाही. समितीतल्या एकालाही सीटी वाचता येत नव्हता, पण सही करता येत होती.

शेवटी उरलेल्या सीडीएनएवर आम्हीच टीबीपी आणि आरपीएलपी० चालवले. टीबीपी २५.३ आणि २५.४, आरपीएलपी० दोन्हीकडे १६.९. दोघांच्या सीटींची सरासरी धरून हिशेब केला तर आमचा जीन ०.९७ पट. म्हणजे काहीच बदल नाही. हे दोन जीन आमच्या पेशींत चालले म्हणून डोळे मिटून तुमच्याकडे वापरू नका. तुमच्या दोन्ही गटांत तपासा.

पैसे देण्याआधी लेखी घ्या: कच्ची फाइल, रेफरन्स जीनचे दोन्ही गटांतले सीटी, आणि प्रत्येक प्रायमरची एफिशियन्सी, कारण `2^-ΔΔCt` मधला तो २ दोन्ही जोड्या जवळपास शंभर टक्क्यांनी चालतात असं गृहीत धरतो. समान आरएनए घेऊनही रेफरन्सचा सीटी गटागणिक अर्ध्या सायकलहून जास्त सरकला, तर त्यावरची घट-वाढ स्वीकारू नका. आणि रेफरन्स जेवढा वर, जवळपास तेवढाच तुमचा जीन खाली असं दिसलं, तर शेवटचा हप्ता रोखून धरा. आमचा शेवटचा हप्ता नव्हताच.