शॉवर फिल्टरचा फेस बादलीभरच टिकतो

नागपूरच्या बेसा भागातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये बोअरचंच पाणी आहे. बादलीवर पांढरे ओघळ, शॉवरची भोकं चुन्यानं बुजलेली, साबण कितीही घासा, फेस नाही. अशा घरात फिल्टर विकणारा आला की त्याला फार बोलावं लागत नाही. इथल्या एका कुटुंबानं 2,800 रुपये देऊन शॉवरच्या नळीत बसणारा ‘पंधरा टप्प्यांचा’ फिल्टर घेतला. तो क्लोरीनही काढेल, क्षारही काढेल आणि कार्ट्रिज सहा महिने चालेल, असं त्यांना सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी बादलीवर पुन्हा तेच ओघळ आले.

यातली खरी गोम अशी की विक्रेत्यानं घरात करून दाखवलेला प्रयोग खोटा नव्हता.

त्यानं दोन बाटल्यांत शंभर-शंभर मिलिलिटर पाणी घेतलं, एकीत थेट बोअरचं आणि दुसरीत फिल्टरमधून आलेलं. दोन्हींत साबणाच्या द्रावणाचे सारखेच थेंब टाकून हलवलं. पहिल्या बाटलीत दह्यासारखा साका झाला, दुसरीत बोटभर फेस आला. “काकू, बघा नं, डोळ्यांसमोर आहे!” डोळ्यांसमोर होतंच. फक्त कार्ट्रिज कोरं होतं आणि नळ अगदी बारीक सोडलेला होता, या दोन गोष्टींकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

पाण्याचा जडपणा म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. गाळ जाळीत अडकतो तसं हे अडकत नाही. ते काढायला रेझिनचे मधाच्या रंगाचे बारीक मणी लागतात. हे मणी कॅल्शियम धरून ठेवतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात सोडतात. सगळं सोडियम संपलं की मणी भरले, मग पाणी जसं येतं तसंच पुढे जातं. म्हणजे रेझिन किती आहे, यावरच सगळा हिशेब.

या फिल्टरचं कार्ट्रिज कापलं, तर आत साधारण 120 मिलिलिटर रेझिन निघालं. बाकी जागेत तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचा चुरा, कॅल्शियम सल्फाइटच्या पांढऱ्या गोळ्या, थोडा कोळसा, रंगीत सिरॅमिक मणी आणि जाळ्या. जाळ्या आणि कापसाच्या चकत्यासुद्धा ‘टप्प्यां’त मोजलेल्या होत्या.

आता आकडेमोड. एक लिटर चांगलं रेझिन कागदावर सुमारे 100 ग्रॅम जडपणा धरू शकतं, प्रत्यक्ष वापरात 50 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 120 मिलिलिटरच्या वाट्याला 6 ग्रॅम. या बोअरच्या पाण्याचा जडपणा निघाला 480 मिलिग्रॅम प्रति लिटर. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी 200 पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचं, असं आहे. 6 ग्रॅमला 480 मिलिग्रॅमनं भागलं की येतात साडेबारा लिटर. कागदावरची पूर्ण क्षमता धरली तरी पंचवीस, म्हणजे एक मोठी बादली. चार माणसांचं घर आंघोळीला दिवसाला शंभर लिटर वापरतं. सहा महिन्यांच्या 18,000 लिटर पाण्यात साडेआठ किलोहून जास्त जडपणा असतो आणि तो धरायला पावणेदोनशे लिटर रेझिन लागेल. तळहातावर मावणाऱ्या डबीत ते कुठून येणार?

बारीक नळाचं गुपितही यातच आहे. रेझिनला पाण्याशी थोडा वेळ संबंध यावा लागतो. शॉवर मिनिटाला सहा लिटर सोडत असेल, तर त्या 120 मिलिलिटरमधून पाणी जेमतेम सव्वा सेकंदात निघून जातं. म्हणून नवं कार्ट्रिज लावून शॉवर पूर्ण उघडला, तेव्हा पहिल्याच लिटरला जडपणा 210 होता, दहाव्याला 330 आणि तिसाव्याला 470. तिसाव्या लिटरला फिल्टर असला काय नि नसला काय!

विक्रेत्यानं पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा टीडीएस मीटरही दाखवला होता. या कामात त्याचा उपयोग नाही. कॅल्शियमच्या जागी सोडियम आलं की पाणी मऊ होतं, पण मीटरचा आकडा जवळपास तोच राहतो. तपासायचं असेल तर जडपणाचं थेंबांचं किट घ्या, मत्स्यालयाच्या दुकानातही मिळतं. पाण्यात आधी बफर आणि रंगसूचक टाकायचा, पाणी लालसर जांभळं होतं. मग तिसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे आणि रंग स्वच्छ निळा झाला की थांबायचं. एका थेंबाला किती जडपणा, ते किटवर लिहिलेलं असतं. नमुने तीन घ्या: फिल्टरच्या आधीचा, फिल्टर लावल्यावरचा पहिला लिटर आणि पूर्ण धारेनं दोन बादल्या भरून झाल्यावरचा. विक्रेता शेवटच्या नमुन्यापर्यंत थांबायला तयार नसेल, तर उत्तर मिळालंच.

क्लोरीनचं मात्र वेगळं आहे. कॉर्पोरेशनच्या पेंच-कन्हानच्या पाण्यात क्लोरीन असतं. नळाशी लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावं, असं मानक सांगतं. एवढं थोडं क्लोरीन तो मिश्रधातूचा चुरा आणि सल्फाइटच्या गोळ्या गरम पाण्यातही बऱ्यापैकी काढतात. शॉवर फिल्टरसाठी जे अमेरिकी मानक आहे, NSF/ANSI 177, तेही मुक्त क्लोरीन कमी करण्यापुरतंच आहे. डब्यावर त्याचा उल्लेख करून खाली ‘हार्ड वॉटर’ छापलेलं असेल, तर त्या दोन ओळींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आणि बेसाच्या या बोअरच्या पाण्यात क्लोरीन टाकतच नव्हते. पिवळा रंग दाखवणारे क्लोरीनचे थेंब टाकले, तर पाणी फिल्टरच्या आधीही बिनरंगीच. म्हणजे जे काम फिल्टरला जमतं ते इथं नव्हतंच, आणि जे होतं ते त्याला जमत नव्हतं. गंमत म्हणजे सल्फाइटच्या गोळ्या विरघळताना पाण्यात कणभर कॅल्शियमच सोडतात.

काही कंपन्या आत फॉस्फेटचे काचेसारखे खडे घालतात. त्यांनी गिझरच्या कॉइलवर चुना बसणं कमी होतं, हे खरं. पण जडपणा तेवढाच राहतो, त्यामुळे साबणाच्या फेसात काही फरक पडत नाही.

बोअरच्या घराला खरा उपाय म्हणजे बाथरूमच्या लाइनवर मिठावर चालणारा सॉफ्टनर. 25 लिटर रेझिनचा सॉफ्टनर याच पाण्यावर सुमारे 2,600 लिटर चालतो, म्हणजे शंभर लिटरच्या हिशेबानं पंचवीसेक दिवस. मग पावणेचार किलोच्या आसपास मीठ विरघळवून ते पाणी त्यातून सोडलं की रेझिन पुन्हा ताजं होतं. तेवढा खर्च नको असेल, तर अंगाला साबणाऐवजी बॉडीवॉश वापरा, त्याचा साका होत नाही. शॉवरचं तोंड महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवा.

बेसाच्या कुटुंबानं तक्रार केली, तेव्हा विक्रेता म्हणाला, “कार्ट्रिज खराब निघालं जी, नवीन अर्ध्या किमतीत देतो.” त्यांनी ते घेतलं नाही. ‘सहा महिने क्षारमुक्त’ असं छापलेला डबा, बिल आणि तिन्ही नमुन्यांचे आकडे यांचे फोटो जोडून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी हट्टानं मागून घेतलं होतं. विक्रेता तेव्हा ‘बिल घ्याल तर जीएसटी वेगळा’ म्हणत होता.