बोलून घेतलेल्या नोट्स: एका दमात साफ की दोन फेऱ्यांत?

एका दमात म्हणजे वाचत वाचतच विरामचिन्हं, हेडिंग आणि वर एका ओळीचा सारांश. दोन-चार ओळींची नोट असेल तर हे मस्त जमतं. पण लांब बडबडीत फसतं, कारण बोलताना आपण मधेच मत बदलतो, माझ्या नोटमध्ये होतं "मीटिंग बुधवारी नको शुक्रवारी" आणि मी घाईत "बुधवारी, नको शुक्रवारी" केलं, सारांशातही बुधवारच गेला.

दोन फेऱ्यांत आधी फक्त विरामचिन्हं आणि पॅरेग्राफ, शब्द एकही बदलायचा नाही, शंका आली तिथे रेकॉर्डिंग ऐकायचं. मगच हेडिंग, सारांश. वेळ जास्त जातो, तरी तारखा-आकडे असले की मी हेच करते.